किराया वाढवल्याचं पत्र: गावातल्या खोल्या, कसं लिहावं?

कापूसकोंडी

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात आमच्या गावी बाबांच्या पाच खोल्या आणि रस्त्याच्या अंगाला एक गाळा आहे. गाव मोठं आहे, बाजार भरतो, पण कारभार ग्रामपंचायतीचाच. खोल्यांत जिल्हा परिषद शाळेचे एक गुरुजी, बँकेतला एक मुलगा, दवाखान्यातल्या सिस्टर, एक एसटीचे कंडक्टर आणि जिनिंगवर जाणारं एक जोडपं राहतं. गाळ्यात आटाचक्की आहे.

दोन वर्षांत किराया वाढवलेला नाही. दरम्यान बोअरची मोटार जळाली, पाइपासकट २७,००० गेले. घरपट्टी वाढली. बाबा तोंडी सांगायला लाजतात आणि मग महिनोन् महिने कुढत बसतात, म्हणून यंदा मेमध्ये पत्रच द्यायचं ठरवलं. मी पुण्यात बसून मसुदा केला आहे, तो गेटवर चिकटवायचा विचार आहे. कसा वाटतो सांगा.

> सर्व किरायादारांस कळविण्यात येते की, वाढती महागाई, लाइट बिल, मोटारचा खर्च व इतर कारणांमुळे पुढील महिन्यापासून किराया १० टक्के वाढविण्यात येत आहे. मान्य नसल्यास खोली खाली करावी. – मालक

करार म्हणाल तर गुरुजींनी आले तेव्हा ११ महिन्यांची किरायाचिठ्ठी लिहून दिली होती, ती कधीच संपली. बाकी सगळं तोंडी.

---

सेक्रेटरी_ठाणे

१० टक्के बेकायदेशीर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ११. वर्षाला ४ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करता येत नाही. आमच्या सोसायटीतल्या जुन्या भाडेकरूंच्या वेळी हे सगळं झालेलं आहे. शिवाय तीन महिने आधी लेखी नोटीस लागते. पत्र असंच चिकटवलंत तर उद्या एखादा भाडेकरू कोर्टात जाईल.

---

पक्का_वऱ्हाडी

सेक्रेटरी भाऊ, दारव्ह्याच्या खेड्यातला किरायादार दोनशे रुपयासाठी कोर्टात काहून जाईन बाप्पा? तो वकिलाचे पैसे देईन का किराया देईन?

कोंडीताई, गेटवर चिकटवू नका. आमच्या इकडं गेटवरचा कागद म्हनजे जप्तीची नोटीस. गुरुजीच्या घरी पावने आले अन् त्यायनं वाचलं तर गुरुजीले कसं वाटन?

---

जुना_कारकून

दिवाणी न्यायालयात नोकरी करून निवृत्त झालो, किरायाची प्रकरणं बरीच पाहिली. वकील नाही, तेव्हा त्या हिशेबाने वाचा.

सेक्रेटरी साहेबांचं कलम बरोबर आहे, पण ते या गावापर्यंत पोचत नाही. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून सुरू झाला, पण तो राज्यात सरसकट लागू नाही. त्याला अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात जी क्षेत्रं आहेत, किंवा शासनाने नंतर अधिसूचना काढून जी घेतली, तिथेच तो चालतो. महानगरपालिका, नगरपालिका अशी ती यादी आहे. साध्या ग्रामपंचायतीच्या गावात तो सहसा नसतो. म्हणून आधी आपलं गाव त्यात आहे का ते बघायचं. नसेल तर चार टक्क्यांचाही प्रश्न नाही आणि दहाचाही नाही, मर्यादाच नाही.

मर्यादा नाही हे ऐकून घरमालक खूश होतात आणि तिथेच फसतात. अशा गावात लागू होतो तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यात किराया वाढवायचं कलमच नाही. किराया हा दोघांमधला ठराव आहे आणि ठराव एकट्याला बदलता येत नाही. तुम्ही पत्र दिलंत म्हणून २,५०० चे २,७५० होत नाहीत. समोरचा हो म्हणाला तर होतात. तो काहीच बोलला नाही आणि महिन्याच्या महिन्याला २,५०० देत राहिला, तुम्ही घेत राहिलात, तर वर्षभराने "२५० प्रमाणे थकबाकी झाली" म्हणून मागता येत नाही. अशी प्रकरणं डोळ्यांनी पाहिली आहेत. मालक तावातावाने वही घेऊन येतो, वहीत थकबाकी त्यानेच लिहिलेली, आणि पावत्या मात्र सगळ्या जुन्या दराच्या.

उलट, पत्र मिळाल्यावर किरायादाराने दोन-तीन महिने वाढीव रक्कम बिनतक्रार दिली आणि पावतीवर तसं लिहिलेलं असलं, तर ती संमतीच धरली जाते. म्हणून तुमच्या पत्राचं खरं काम हुकूम देणं नाही, सही मिळवणं आहे.

---

सेक्रेटरी_ठाणे

तीन महिन्यांच्या नोटिसीबद्दल काही बोलला नाहीत. ते मी स्वतः वाचलेलं आहे.

---

जुना_कारकून

तुम्ही वाचलंत ते २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात आहे. तो केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय इथे कुणावर बंधन येत नाही. पण पद्धत म्हणून चांगली आहे, दोन-तीन महिने आधी सांगितलं तर बिघडत काही नाही.

---

सेक्रेटरी_ठाणे

मग ४ टक्के हा निदान नैतिक आकडा तरी धरा.

---

मु_पो_शाळा

मी स्वतः किरायादार आहे, झेडपीचा शिक्षक, पुसद तालुक्यात. आमच्या बाजूने हे पत्र कसं दिसतं ते सांगतो.

"वाढती महागाई" वाचल्याबरोबर माणूस पुढचं वाचत नाही. महागाई आम्हालाही आहे. "इतर कारणे" हे तर चिडवल्यासारखं. लाइट बिलाचं तर आधी विचारतो: तुमच्याकडे सबमीटर आहेत का? असतील तर लाइटचे पैसे आम्ही युनिटप्रमाणे वेगळे देतोच. मग तेच कारण दाखवून किरायाही वाढवायचा, म्हणजे एकाच बिलाची दोनदा वसुली. मी असतो तर पहिलं बोट तिथेच ठेवलं असतं.

मोटारीचं कारण पटतं, कारण ती नवीन बसवताना आम्ही बघितलेली असते आणि आठ दिवस हापशीवर जाऊन पाणी आणलेलं असतं. पण तिथेही एक प्रश्न. मोटारीचा खर्च एकदाच झाला. किराया वाढला तो कायमचा. मोटारीचे पैसे फिटले की किराया खाली येणार का?

तारखेचं पण बघा. "पुढील महिन्यापासून" म्हणजे नेमकं कधीपासून? पत्र २८ तारखेला हातात पडलं तर? विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात आणि आमच्या बदल्या त्याच्या आगेमागे होतात. एप्रिल-मेमध्ये आम्ही सासुरवाडीला नाहीतर गावी. बंद खोलीच्या दाराला पत्र लावून गेलात तर ते उन्हात पिवळं पडेल.

---

कापूसकोंडी

सबमीटर आहेत. लाइटचे वेगळेच घेतो. मुख्य मीटर एकच असल्याने पाचही खोल्यांचं मिळून बिल मोठं येतं, त्यामुळे बाबांना दरमहा थोडा खड्डा पडतो, म्हणून ते कारण घातलं होतं.

---

पक्का_वऱ्हाडी

तो खड्डा टप्प्याचा हाये. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटापर्यंत येगळा, मंग तीनशेपर्यंत येगळा, त्याच्यावर अजून जास्त. एका खोलीत साठ-सत्तर युनिट जळते, पन पाच खोल्या एकाच मीटरवर म्हनजे बिल तीनशेच्या वर गेलंच समजा. एवढं म्हाग युनिट कोन्या एकट्या खोलीनं जाळलंच नाही. वायरमनले इचारून खोल्यायले येगळे मीटर घेऊन टाका, भानगडच मिटली. त्याच्यासाठी किराया कायले वाढवता?

---

निसर्ग८२

आमच्याकडे वाढ पाडव्यालाच ठरते. गुढीपाडव्याला सालगडी ठरतो, त्याच दिवशी मक्त्याचंही बोलणं होतं. एकरी किती, पैसे आधी की कापूस निघाल्यावर, सगळं. तुम्ही मेमध्ये पत्र देताय म्हणजे उशीर झाला, मक्तेदाराने आता पेरणीची तयारी केली असेल. आणि लेखी देऊच नका, उद्या कुळ लागेल.

---

जुना_कारकून

निसर्ग, इथे विषय राहत्या खोल्यांचा आहे, शेताचा नाही. शेतजमिनीला विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे, त्याची भीती खोल्यांना लावू नका. इथे उलट लेखी असलेलं दोघांच्याही फायद्याचं.

कोंडीताई, मसुद्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात धोक्याचं आहे. "मान्य नसल्यास खोली खाली करावी." किराया वाढीचं पत्र आणि खोली सोडण्याची नोटीस या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्या एका कागदात कालवू नका.

करार नसेल किंवा जुना संपला असेल आणि महिन्याच्या महिन्याला किराया चालू असेल, तर ती महिनेवारी किरायेदारी समजतात. ती संपवायला त्याच १८८२ च्या कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. पूर्वी ती नोटीस महिन्याच्या शेवटालाच संपावी लागे, तारीख एक दिवस चुकली की दावा जायचा. २००२ च्या दुरुस्तीनंतर तो जाच कमी झाला. तरी नोटीस नोटिसीसारखीच असावी लागते. "मान्य नसल्यास" असं अर्धवट लिहिलंत तर ती धड वाढही नाही आणि धड नोटीसही नाही. त्यातून १५ दिवसांनंतरचा किराया तुम्ही हातात घेतलात, तर नोटीस तुम्हीच माफ केली असा अर्थ निघू शकतो. म्हणून वाढीच्या पत्रात खोली सोडण्याचा उल्लेखच नको. बोलणी फिसकटली तर नोटीस नंतर, वेगळी, वकिलाकडून.

चक्कीचं मात्र सांभाळून. कारखानदारीसाठी दिलेली जागा असेल तर वेगळा करार नसताना १५ दिवस चालत नाहीत, सहा महिन्यांची नोटीस लागते. आटाचक्की त्यात बसते की नाही यावर दोन्हीकडून बोलता येतं. मी त्यावर मत देणार नाही.

---

मीनल_दुकान

कारकून काका, माझं थोडं वेगळं आहे पण विचारते. आमचं गाव आधी ग्रामपंचायत होतं, आता नगरपंचायत झालं. माझं शिवणाचं दुकान किरायाच्या जागेत आहे. मालक म्हणतात आता हे शहर झालं, किराया दुप्पट. मी म्हणते शहर झालं तर मग चार टक्के. कोण बरोबर?

---

जुना_कारकून

मीनलताई, दुप्पट तर तुमच्या संमतीशिवाय कसंच होत नाही, ते विसरा. चार टक्क्यांचं मात्र असं की, नगरपंचायत झाली म्हणून तो कायदा आपोआप आला असं धरून चालू नका. अनुसूचीत नाव आहे का किंवा त्या क्षेत्राला कायदा लागू केल्याची अधिसूचना आहे का, ते बघावं लागेल. तालुक्याच्या कोर्टात एखाद्या वकिलाला गावाचं नाव सांगून विचारा. तोपर्यंत जुन्या दराने दर महिन्याला किराया देत राहा, मालक घेत नसतील तर मनिऑर्डरने पाठवा आणि पावती जपा. किराया थकला की बाजू तिथेच पडते.

---

मीनल_दुकान

मालकांचे भाऊ कोर्टातच वकील आहेत 🙂 दुसरा बघते.

---

मु_पो_शाळा

आता आकडा बघू. कोंडीताई, १० टक्के कुठून आले?

---

कापूसकोंडी

पुण्यात दर वर्षी तेवढे वाढतात म्हणून.

खर्च असे आहेत. मोटार आणि पाइप २७,०००. घरपट्टी आधी सहाही जागांची मिळून ३,९०० होती, नवीन आकारणीत ६,३०० झाली. बाकी रंगरंगोटी वगैरे नेहमीचंच. गुरुजी, बँकवाला, सिस्टर आणि कंडक्टर २,५०० देतात, जिनिंगचं जोडपं १,८०० आणि चक्की ४,०००.

---

मु_पो_शाळा

मग हिशेब मांडू. घरपट्टी वर्षाला २,४०० वाढली. सहा जागा, म्हणजे जागेमागे वर्षाला ४००, महिन्याला साधारण ३३ रुपये. मोटार पाच वर्षं चालेल असं धरा. विदर्भातलं पाणी आणि व्होल्टेज बघता ते जरा भाबडं आहे, पण धरा. पाणी पाच खोल्यांना लागतं, चक्कीला लागत नाही. २७,००० ला पाच खोल्यांनी भागलं की ५,४००, पाच वर्षांचे साठ महिने, म्हणजे खोलीमागे महिन्याला ९० रुपये. दोन्ही मिळून १२३. तुम्हाला हवेत २५०. उरलेल्या १२७ चं कारण काय?

---

कापूसकोंडी

दोन वर्षं वाढवला नाही हे कारण होत नाही का? आणि शेजारी तशाच खोल्या २,८०० ला जातात.

---

मु_पो_शाळा

होतं की! मग तेच लिहा. "दोन वर्षांत वाढ केलेली नाही आणि गावात अशाच खोलीला २,८०० चालू आहे." हे मला मोटारीपेक्षाही जास्त पटेल, कारण मी खोली सोडली तर मला २,८०० लाच मिळणार हे मलाही माहीत असतं. माणूस चिडतो तो रकमेवर कमी, बनावट कारणावर जास्त.

मी असतो तर २,७०० ला मुकाट्याने सही केली असती. २,७५० ला घासाघीस केली असती आणि शेवटी २,७०० वरच आलो असतो.

---

पक्का_वऱ्हाडी

गुरुजी पटले मले. पन जिनिंगवाल्या जोडप्याचं काय? त्यायचं काम दिवाळीनंतर कापूस आला की सुरू होते, उन्हाळ्यात हात रिकामा. जुलैत त्यायच्या घरी दोनशे मागसान तर कुठून देतीन? त्यायले वाढ दिवाळीनंतर लावा. अन् आकडा बी कमी. सगळ्यायले एकच कागद कायले पायजे?

---

सेक्रेटरी_ठाणे

एकाला एक दर आणि दुसऱ्याला दुसरा? बाकीचे बोंब मारतील. सोसायटीत असं चालत नाही.

---

जुना_कारकून

सोसायटी आणि घरमालक यांत फरक आहे. घरमालक प्रत्येकाशी वेगळा ठराव करू शकतो, आताही दर वेगळेच आहेत. म्हणूनच प्रत्येकाला स्वतंत्र पत्र हवं, त्याच्या नावाचं, त्याच्या रकमेचं.

आणि टक्के लिहू नका, रुपये लिहा. टक्क्यांवर पुढच्या वर्षी भांडण होतं, की दहा टक्के मूळ किरायावर की वाढलेल्या किरायावर. जुना किती, नवीन किती, कोणत्या तारखेपासून, आणि त्या तारखेच्या महिन्याचा किराया नव्या दराने कधी द्यायचा, हे सगळं एका वाक्यात यायला हवं. तुमच्याकडे किराया महिन्याच्या सुरुवातीला घेतात की शेवटी?

---

कापूसकोंडी

पाच तारखेच्या आत, चालू महिन्याचा. चक्कीवाले मात्र महिना भरल्यावर देतात.

---

जुना_कारकून

हेच विचारायचं होतं. "१ जुलैपासून" एवढंच लिहिलंत तर चक्कीवाले जुलैत जूनचे पैसे आणून देतील आणि बाबा ४,००० ऐवजी वाढीव मागतील, विनाकारण वाजेल. दोघांच्या पत्रात वेगळं वाक्य घाला. गुरुजींचं पत्र असं करून बघा:

> दि. ५ मे
>
> प्रति,
> श्री. ________ गुरुजी, खोली क्र. ३
>
> स. न. वि. वि.
>
> आपण आमच्या खोली क्र. ३ मध्ये राहत आहात. सध्याचा किराया दरमहा २,५०० रुपये असून गेल्या दोन वर्षांत त्यात वाढ केलेली नाही.
>
> यंदाच्या आकारणीत ग्रामपंचायतीची घरपट्टी ३,९०० वरून ६,३०० रुपये झाली. बोअरची मोटार व पाइप नवीन बसवावे लागले, त्यास २७,००० रुपये खर्च आला. गावात अशाच खोलीचा किराया सध्या २,८०० रुपयांच्या आसपास आहे. हे सर्व पाहून आपल्या खोलीचा किराया दरमहा २,७०० रुपये करावा अशी आमची विनंती आहे.
>
> नवीन किराया दि. १ जुलैपासून, म्हणजे जुलै महिन्याच्या किरायापासून लागू होईल. मे व जूनचा किराया पूर्वीप्रमाणे २,५०० रुपयेच राहील. विजेचे पैसे सबमीटरच्या रीडिंगप्रमाणे आतासारखेच वेगळे राहतील. यानंतर पुढील वर्षी ३० जूनपर्यंत किराया वाढविला जाणार नाही.
>
> घरपट्टीची पावती व मोटारीचे बिल आमच्याकडे आहे, कधीही पाहावे. काही म्हणणे असल्यास जूनअखेर सांगावे. मान्य असल्यास खालील प्रतीवर सही करून द्यावी.
>
> आपला,
> ________ (घरमालक)
>
> वरील मजकूर वाचला. दि. १ जुलैपासून दरमहा २,७०० रुपये किराया मला मान्य आहे.
> सही व तारीख: ________

दोन प्रती काढा. एक त्यांची, एक सही करून आपल्याकडे. गुरुजी गावी असतील तर फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, निरोप पोचतो. सही आल्यावर घ्या.

---

मु_पो_शाळा

"पुढील वर्षी ३० जूनपर्यंत वाढणार नाही" हे वाक्य सोन्याचं आहे. त्यावर सही मिळते.

माझा मोटारीचा प्रश्न मात्र राहिलाच. पाच वर्षांनी ते ९० रुपये कमी होणार का?

---

जुना_कारकून

किरायाचा असा हिशेब सहसा कुणी ठेवत नाही गुरुजी. पाच वर्षांनी दुसरं काही मोडलेलं असेल. अगदीच हवं तर मोटारीचे पैसे किरायात न घालता "मोटार वर्गणी, महिना ९० रुपये, साठ महिने" असं वेगळं ठेवता येईल. पण मग खोली सोडून गेलेल्याचं काय, नव्याने आलेल्याने जुन्या मोटारीचे पैसे का द्यायचे, हे सुरू होईल.

---

मु_पो_शाळा

नव्याने आलेला तेच पाणी पितो की.

---

पक्का_वऱ्हाडी

तुमी दोघं पाच वर्सं इथंच भांडत राहा, तोवर मोटार जळते पुन्हा.

---

कापूसकोंडी

सगळ्यांचे आभार. पत्रं दिली. गेटवर काही लावलं नाही, बाबांनी स्वतः जाऊन हातात दिली. गुरुजी, बँकवाला आणि सिस्टर यांनी २,७०० वर सही केली. गुरुजींनी आता दर महिन्याला पावती मागितली आहे, म्हणून पावती पुस्तक आणलं. कंडक्टर साहेबांनी बदलीचा अर्ज टाकला आहे, जुलैत असतीलच असं नाही म्हणाले, त्यांचं पत्र तसंच ठेवलं आहे. जिनिंगच्या जोडप्याला १,८०० चे १,९०० केले, तेही डिसेंबरच्या किरायापासून.

चक्कीवाल्यांना ४,००० चे ४,३०० लिहिले होते, १ जुलैपासून, पैसे महिना भरल्यावर म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला. त्यात मोटारीचं कारण घातलं नाही. त्यांनी पत्र ठेवून घेतलं, सही केली नाही. म्हणाले, "पाहू." आज १ ऑगस्टला आले आणि जुलैचे म्हणून ४,००० देऊन गेले. वर म्हणाले की मागच्या अंगाला पत्र्यातून पाणी गळतं, ज्वारीची पोती भिजली, आधी पत्रे बदला मग तीनशे देतो. बाबांनी पैसे घेतले आहेत, पावती अजून दिलेली नाही. पावतीवर काय लिहायचं?

---

सेक्रेटरी_ठाणे

पैसे परत करा. घेतले म्हणजे मान्य केलं.

---

जुना_कारकून

परत करू नका. परत केलेत तर तुम्हीच किराया नाकारला असं होईल. वाढ त्यांनी मान्य केलेली नाही, म्हणजे आज तरी किराया ४,००० च आहे आणि तो त्यांनी वेळेवर दिला आहे. पावती द्या, त्यावर लिहा: "जुलै महिन्याचा किराया, सध्याच्या दराने ४,००० रुपये मिळाले. किराया वाढीबाबत बोलणे सुरू आहे." "३०० बाकी" असं लिहू नका, ती बाकी नाहीच.

पत्र्याचं त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. जागा धड ठेवायला कोणी किती खर्च करायचा हे तुमच्यात काही ठरलं होतं का ते बाबांना विचारा. ठरलेलं नसेल तर हाच सौदा लिहून काढा: पत्रे अमुक तारखेपर्यंत बदलून देऊ, त्याच्या पुढच्या महिन्यापासून ४,३००. दोघांच्या सह्या.

---

पक्का_वऱ्हाडी

अन् पत्रे बदलायच्या आधी वर चढून पाहा. चक्कीच्या हादऱ्यानं जे-हूक ढिले होतेत, वायसर जाते, तिथून पानी येते. पत्रा चांगलाच राहते बरेचदा. हूक-वायसर बदलले तर काम थोडक्यात होते.

---

कापूसकोंडी

हे बाबांना सांगते. पाऊस उघडल्यावर मिस्त्री वर चढवतो म्हणाले. कारकून काका, खर्चाबद्दल आधी काही ठरलेलं नव्हतं, पण चक्कीवाले म्हणतात शेड बांधताना अर्धे पत्रे त्यांनीच आणले होते. बाबांना ते आठवत नाही.

---

जुना_कारकून

मग आधी ते पत्रे कुणाचे ते ठरवा, किराया नंतर.